नवं बोट जोडलं आणि बँकेचं ॲप अडलं

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नवीन बोट नोंदवलं, की पुढच्या वेळी बँकेचं ॲप अनेकदा बोटाने उघडायला नकार देतं आणि एमपिन मागतं. आमच्या पाचपाखाडीतल्या शेजारच्या काकूंनी नातवाचं बोट नोंदवलं, गेम खेळायला सारखा फोन उघडून द्यावा लागतो म्हणून. संध्याकाळी विजेचं बिल भरताना ॲप अडलं. त्या घाबरून आल्या. "अगं, माझं बोट तर तेच आहे. मग बँकेला कसं कळलं?"

बँकेला काहीच कळलेलं नव्हतं. काकूंच्या फोनमध्ये एक डिजिटल किल्ली कायमची निकामी झाली होती आणि तसं व्हावं अशीच तिची रचना होती. मी ऐरोलीला पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करते. हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकते, की त्यामागे काय घडतं ते एकदा नीट सांगायला हवं.

बोटाचा ठसा बँकेकडे जातच नाही. तो फोनच्या एका बंदिस्त भागात राहतो आणि तिथेच जुळवला जातो. आयफोनमध्ये या भागाला सिक्युअर एन्क्लेव्ह म्हणतात. तो 2013 साली आयफोन 5एससोबत आला. अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक ठिकाणी मुख्य प्रोसेसरचाच एक भाग वेगळा राखलेला असतो. अँड्रॉइडची नेहमीची कामं एका बाजूला आणि गुप्त कामं दुसऱ्या बाजूला चालतात, आणि पहिल्या बाजूला दुसरीकडची मेमरी वाचता येत नाही. काही फोनमध्ये यापुढे जाऊन अगदी स्वतंत्र चिप असते, स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेली. 2018 च्या पिक्सेल 3 मधली टायटन एम ही तशी चिप.

'बोटाने लॉगिन' तुम्ही पहिल्यांदा सुरू करता, तेव्हा नीट बांधलेलं ॲप या बंदिस्त भागाला किल्ल्यांची एक जोडी बनवायला सांगतं. त्यातली उघड किल्ली बँकेच्या सर्व्हरकडे जाते. गुप्त किल्ली आतच राहते. ती ॲपला दिसत नाही, अँड्रॉइडला दिसत नाही आणि बँकेलाही दिसत नाही. पुढे प्रत्येक लॉगिनला सर्व्हर एक नवा, यादृच्छिक आकडा पाठवतो. तुम्ही बोट टेकवता, ठसा जुळतो, गुप्त किल्ली त्या आकड्यावर सही करते आणि फक्त सही बाहेर येते. बँक उघड किल्लीने ती पडताळते. आकडा दर वेळी नवा असल्यामुळे कालची सही कुणी चोरून आज वापरली तर ती चालत नाही.

आता काकूंच्या फोनकडे येऊ. ठसा जुळवणारा प्रोग्रॅम आणि किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम, हे दोन्ही बंदिस्त भागात असले तरी वेगवेगळे आहेत. ठसा जुळला की पहिला दुसऱ्याला एक छोटी चिठ्ठी देतो. तिच्यावर वेळ असते आणि ठशांच्या सध्याच्या नोंदणीचा एक ओळखक्रमांक असतो. चिठ्ठी खोटी बनवता येऊ नये म्हणून तिच्यावर एका गुप्त आकड्याने शिक्का मारलेला असतो, आणि तो आकडा बंदिस्त भागाबाहेर कुणालाच माहीत नसतो. किल्ली तयार होताना तिच्याशी तो ओळखक्रमांक बांधलेला असतो. नातवाचं बोट नोंदवलं, ओळखक्रमांक बदलला. त्यानंतर काकूंनी स्वतःचंच बोट टेकवलं तरी चिठ्ठीवर नवा क्रमांक येतो, किल्लीवर जुना आहे, आणि किल्ली सही करत नाही. अँड्रॉइड ॲपला एक त्रुटी कळवतं: `KeyPermanentlyInvalidatedException`. नातवाचं बोट पुसून टाकलं तरी जुनी किल्ली जिवंत होत नाही. एमपिन टाकून नवी किल्ली बनवावी लागते.

एवढा कडकपणा का, ते संध्याकाळी सव्वासातच्या कर्जत लोकलमध्ये उभं राहिलं की कळतं. शेजारचा माणूस तुमचा फोनचा पिन सहज पाहू शकतो. ठाण्याला उतरताना गर्दीत फोन गेला, तर चोराला फोन उघडता येतो. फोन उघडला की सेटिंगमध्ये स्वतःचं बोटही नोंदवता येतं, कारण त्याला तोच पिन पुरतो. हा नियम नसता तर चोराने नवं बोट टेकवलं असतं आणि बँकेचं ॲप उघडलं असतं. नियम आहे म्हणून नवं बोट नोंदवताच ती किल्ली मरते आणि ॲप एमपिन मागतं, जो चोराने पाहिलेला नसतो. म्हणूनच फोनचा पिन आणि एमपिन एकच ठेवणं हा या सगळ्या रचनेला भगदाड पाडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तसं करणारे खूप लोक मला भेटतात.

किल्ली बाहेर निघत नाही, याचा दुसरा परिणाम फोन दुरुस्तीच्या दुकानात दिसतो. स्क्रीन बदलली तर अँड्रॉइड फोनवर बँकेचं ॲप बहुधा काही बोलत नाही. पण "बोर्ड गेला" म्हणून मदरबोर्ड बदलला, की किल्ली त्यासोबत गेली. बॅकअपमधून फोटो आणि संपर्क परत येतात, ॲपही परत येतं, पण ही किल्ली बॅकअपमध्ये नसतेच. मग सिमवरून एसएमएस पाठवून सगळी नोंदणी पुन्हा करावी लागते. लोक यासाठी बँकेला दोष देतात. मला तो अन्याय वाटतो, कारण किल्लीची नक्कल होऊ शकली असती तर ती चोरालाही करता आली असती.

किल्ली खरंच बंदिस्त भागात आहे, ॲपने साध्या मेमरीत बनवलेली नाही, हे बँकेला कसं कळतं? त्यासाठी अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कारखान्यातच एक प्रमाणपत्राची किल्ली ठेवलेली असते. ती नव्या किल्लीबद्दल लिहून देते, की ही इथे आत बनली, आणि फोनचं मूळ सॉफ्टवेअर कुणी बदललेलं नाही. रूट केलेल्या फोनवर पेमेंटची ॲप्स अनेकदा याच कागदामुळे अडतात. कारखान्यातल्या अशा किल्ल्या कधीकधी फुटतात. गूगल मग त्या रद्द झाल्याच्या यादीत टाकतं, आणि ती यादी बँकेच्या सर्व्हरने वेळोवेळी तपासली नाही तर खोटा कागद खरा म्हणून खपतो.

यूपीआय पिनचं मात्र वेगळं आहे. तो पिन या बंदिस्त भागात साठवलेला नसतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या पिन भरण्याच्या पडद्यावर टाकला की तिथेच कूटबद्ध होऊन तुमच्या बँकेकडे जातो आणि तिकडे तपासला जातो.

एक मर्यादा काकूंना मी आवर्जून सांगितली. गुप्त किल्ली आकड्यावर सही करते, पडद्यावर काय लिहिलंय ते तिला दिसत नाही. पोलिस असल्याचं सांगून कुणी धमकावलं आणि तुम्ही स्वतः बोट टेकवलं, तर सही शंभर टक्के खरी असते. तिथे ही किल्ली काहीही अडवू शकत नाही.

तुमचं ॲप हे सगळं पाळतं का, हे घरी पाहता येतं. नवीन बोट नोंदवा आणि त्याच बोटाने बँकेचं ॲप उघडून पाहा. एमपिन मागितला तर किल्ली बहुधा नीट बांधलेली आहे. थेट उघडलं, तर ॲप बहुधा फोनला फक्त "ठसा जुळला का?" एवढंच विचारतंय आणि हो म्हटल्यावर आत सोडतंय. मग त्या ॲपमधलं बोटाने लॉगिन बंद करून एमपिनवरच राहा आणि बँकेला तसं लेखी कळवा. आयफोनवर बोट किंवा चेहरा नुसता काढून टाकला तरी अशी किल्ली जाऊ शकते, त्यामुळे तिथे पाहायला बसताना एमपिन आठवतोय याची आधी खात्री करा.