क्लबफूट: जन्मजात वाकडे पाऊल

नवजात बाळाचे पाऊल आत व खाली वळलेले असते, तळवा दुसऱ्या पायाकडे पाहत असतो आणि हाताने हलके वळवूनही ते सरळ होत नाही, अशा स्थितीला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार जन्मांमागे एका बाळात ती आढळते. मुलग्यांत प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट असते आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय असे असतात. गर्भात अवघडून बसल्याने नुसते मुरडलेले पाऊल वेगळे. ते बोटाच्या हलक्या दाबाने जागेवर येते आणि बहुधा आपोआप सुधारते. क्लबफूटचे कारण नेमके सांगता येत नाही. काही घरांत आनुवंशिकता दिसते. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, हे ठाण्यातल्या सुशिक्षित घरांतही अजून ऐकू येते आणि दोष बाळंतिणीच्या माथी मारला जातो. त्याला काहीही आधार नाही.

आज सर्वत्र वापरली जाणारी उपचारपद्धत इग्नासिओ पॉन्सेटी (१९१४–२००९) या स्पॅनिश वंशाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केली. तिचे मर्म जोरात नाही, क्रमात आहे. पाऊल एकाच वेळी चार प्रकारे बिघडलेले असते: कमान खोल, चवडा आत, टाच आत कललेली आणि टाच वर ओढलेली. घोट्यातले हाड पायाच्या नळीखाली बसलेले असते आणि बाकीचे पाऊल त्याच्याभोवती आत सरकलेले असते. म्हणून डॉक्टर अंगठा त्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर टेकवतात आणि उरलेले पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरवतात. टाचेला हात लावायचा नाही. पाऊल बाहेर वळले की टाच मागोमाग सरळ होते. ती धरून ठेवली तर तिची वाटच अडते.

असे फिरवलेले पाऊल त्या जागी टिकावे म्हणून पायाला प्लॅस्टर घालतात. पहिले प्लॅस्टर पाहून पालक दचकतात, कारण त्यात चवडा आणखी आत कलल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तिथे अंगठ्याच्या बाजूचा भाग उचलून कमान मोकळी केलेली असते. पुढच्या प्लॅस्टरांत पाऊल टप्प्याटप्प्याने बाहेर जाते आणि टाच खाली आणण्याचे काम शेवटी येते. घाईने आधीच चवडा वर दाबला तर टाच वरच राहते आणि पाऊल मध्येच मोडून तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो.

दिव्याहून ठाण्याला आणलेल्या बारा दिवसांच्या बाळाचे उदाहरण घेऊ. उजवे पाऊल वाकडे आहे. बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून प्लॅस्टर घातले जाते. गुडघ्याखालीच थांबवले तर ते निसटते. दर आठवड्याला नवे, अशी पाच प्लॅस्टरे झाल्यावर पाऊल बाहेर सुमारे सत्तर अंश वळते, पण वर जेमतेम पाच अंशच येते. वर किमान पंधरा अंश यायला हवे. म्हणून टाचेमागची शीर, म्हणजे कंडरा, जागा बधिर करून बारीक छेदातून कापतात. बहुतेक बाळांना हे लागते आणि काम काही मिनिटांचे असते. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लॅस्टर. तेवढ्यात कंडरा लांब होऊन पुन्हा जुळते. बाळ अडीच महिन्यांचे होण्याआधीच पाऊल सरळ झालेले असते.

प्लॅस्टर असताना घरी बोटांवर लक्ष ठेवावे. बोट दाबून सोडले की पांढरे पडून लगेच गुलाबी व्हायला हवे. बोटे निळी, थंड किंवा सुजलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बोटे प्लॅस्टरच्या आत शिरल्यासारखी दिसली तर प्लॅस्टर घसरले आहे; तेही त्याच दिवशी दाखवावे. आंघोळीऐवजी अंग पुसून घ्यावे आणि मालिश करायला येणाऱ्या बाईंना तो पाय सोडायला सांगावे. पावसाळ्यात लोकलने येताना प्लॅस्टर भिजून मऊ पडते, म्हणून वाटेपुरती प्लास्टिकची पिशवी चढवावी. जुने प्लॅस्टर घरी आदल्या रात्री काढू नये. नवे घालण्याच्या थोडे आधी काढले तरच मिळवलेली सुधारणा टिकते.

खरी परीक्षा त्यानंतर. दांड्याला जोडलेले दोन बूट, म्हणजे ब्रेस, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचे असतात. पुढे चार वर्षांपर्यंत फक्त झोपेच्या वेळी. वरच्या बाळाचा उजवा बूट साठ ते सत्तर अंश बाहेर वळवलेला असेल, निरोगी डावा तीस ते चाळीस. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडते. ते बहुधा वेदनेचे नसते, पाय सुटे हलवता येत नाहीत याचे असते. कातडीवर फोड आला किंवा टाच बुटात वर सरकली, तर मात्र बूट नीट बसलेला नाही. पाय दिसायला छान झाला म्हणून आजी-आजोबांच्या आग्रहाने ब्रेस सुटतो आणि पाऊल पुन्हा आत वळू लागते. असे परत फिरण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. टाच जमिनीला टेकेनाशी झाली की ते ओळखता येते. तेव्हा पुन्हा प्लॅस्टर घालावे लागते.

एकच पाय वाकडा असल्यास त्याची पोटरी थोडी बारीक आणि पाऊल किंचित लहान राहते, त्यामुळे मोठेपणी चपलेचे माप कधी कधी दोन पायांना वेगळे लागते.