गुरूची चाल, समलंब चौकोन आणि टॉर्क

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक ठरलेला प्रश्न असतो. कोनीय वेग विरुद्ध काळ असा आलेख दिलेला असतो आणि त्यावरून तीन गोष्टी काढायच्या असतात: चाक किती कोनातून फिरलं, कोनीय त्वरण किती, आणि निव्वळ टॉर्क किती. तिन्ही उत्तरं एकाच आकृतीतून निघतात, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. इतिहास पाहिला तर पहिलं उत्तर इसवी सनापूर्वीचं आहे आणि तिसरं अठराव्या शतकातलं. मधल्या अंतराचं कारण कळलं की या प्रश्नात मुलं नेमकी कुठे अडखळतात तेही कळतं.

२०१६ च्या जानेवारीत मॅथ्यू ओसेनड्रायव्हर या संशोधकाने ब्रिटिश म्युझियममधल्या काही बाबिलोनी मातीच्या पाट्यांचा अर्थ लावला. पाट्या साधारण इ.स.पू. ३५० ते ५० या काळातल्या. त्यांत गुरू ग्रहाची चाल मोजली आहे. सूर्याच्या तेजातून बाहेर पडून गुरू पहाटे पुन्हा दिसू लागतो, त्या दिवशी तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज १२ कलांनी सरकतो (६० कला म्हणजे एक अंश). पुढे त्याची चाल मंदावत जाते आणि ६० दिवसांनी रोजची साडेनऊ कला उरते. या ६० दिवसांत तो एकूण किती सरकला? पाटीवरची रीत अशी: १२ आणि साडेनऊची बेरीज करा, निम्मी करा, ६० ने गुणा. सरासरी पावणेअकरा कला, गुणिले ६०, म्हणजे ६४५ कला. उत्तर १० अंश ४५ कला.

ही समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाची रीत आहे, आणि लेखनिकाने शेतजमिनीच्या मापनातले शब्दच इथे वापरले आहेत. फक्त या चौकोनाची एक बाजू लांबीची नसून दिवसांची आहे, आणि दुसरी रोज सरकलेल्या कोनाची. पाटीवर आकृती नाही, फक्त शब्द आणि आकडे आहेत. तरी कोनीय वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे फिरलेला कोन, ही कल्पना त्यात पुरी आहे. आपण शाळेत आधी सरळ रेषेतला वेग शिकतो आणि चाकं नंतर येतात. पण या रीतीचा सापडलेला सर्वांत जुना पुरावा मात्र कोनाचा आहे! लेखनिक तिथेच थांबला नाही. गुरूने यातलं निम्मं अंतर केव्हा कापलं, हेही त्याने चौकोनाचे दोन समान क्षेत्रफळांचे भाग पाडून काढलं. ३० दिवस हे उत्तर त्याला चुकीचं आहे हे माहीत होतं, कारण सुरुवातीला चाल जास्त असते. खरं उत्तर २८ दिवसांच्या किंचित पुढे जातं.

युरोपात ही कल्पना चौदाव्या शतकात वेगळ्या वाटेने आली. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमध्ये विल्यम हेटिसबरीने १३३५ च्या सुमारास नियम मांडला की समान दराने वाढत जाणाऱ्या वेगाने कापलेलं अंतर हे मधल्या क्षणाच्या वेगाने कापलेल्या अंतराइतकंच असतं. काही वर्षांनी पॅरिसमध्ये निकोल ओरेमने त्याची आकृती काढली. आडवी रेषा काळाची, तिच्यावर जागोजागी उभ्या रेषा, प्रत्येकीची उंची त्या क्षणाच्या वेगाएवढी. वेग समान दराने वाढत असेल तर वरची टोकं तिरक्या सरळ रेषेवर येतात, आणि आत कोंडलेलं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. गॅलिलिओने १६३८ मध्ये पडणाऱ्या वस्तूंसाठी याच धाटणीची आकृती वापरली. त्या तिरक्या रेषेचा चढ ही स्वतंत्र मोजता येणारी राशी आहे, हे वक्र रेषांसाठीसुद्धा नीट सांगता येऊ लागलं ते सतराव्या शतकाच्या अखेरीस, न्यूटन आणि लाइबनिझ यांच्या कलनशास्त्रामुळे.

आता गंमत बघा. गुरूच्या पाटीवर हाच चढ आपण काढू शकतो. ६० दिवसांत अडीच कलांची घट, म्हणजे रोज सुमारे ०.०४ कला प्रतिदिन एवढं ऋण कोनीय त्वरण. मग गुरूला मागे ओढणारा टॉर्क किती? या आकड्यातून तो निघतच नाही. गुरू मंदावताना दिसतो, कारण आपण स्वतः सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीवरून त्याच्याकडे पाहत असतो. पुढे तर तो थांबतो आणि उलटा चालू लागतो, म्हणजे आलेख शून्याखाली जातो, आणि त्यासाठीही कुणी त्याला ढकललेलं नसतं. कोन आणि त्वरण ही निव्वळ भूमिती आहे, ती कशालाही लागू पडते. टॉर्क काढायला फिरणारी वस्तू हातात हवी, तिचा आस ठाऊक हवा आणि तिचं वस्तुमान त्या आसाभोवती कसं पसरलं आहे तेही ठाऊक हवं. लिओनार्ड ऑयलरने १७६५ च्या दृढ वस्तूंवरील ग्रंथात या शेवटच्या गोष्टीला जडत्व आघूर्ण हे नाव देऊन तिचं शास्त्र बांधलं. τ = Iα मधला I तो हाच. तो आलेखात कुठेच नसतो, बाहेरून आणावा लागतो.

एक चाक घेऊ. त्याचं जडत्व आघूर्ण ०.५ किलोग्रॅम-मीटर वर्ग. मोटर लावल्यावर त्याचा वेग ६ सेकंदांत शून्यावरून ३० रेडियन प्रति सेकंद होतो, पुढचे १० सेकंद तो तेवढाच राहतो, मग मोटर बंद केल्यावर १५ सेकंदांत चाक थांबतं. क्षेत्रफळं ९०, ३०० आणि २२५, एकूण ६१५ रेडियन, म्हणजे जवळजवळ ९८ फेरे. चढ अनुक्रमे ५, ० आणि उणे २ रेडियन प्रति सेकंद वर्ग. निव्वळ टॉर्क अडीच, शून्य आणि उणे एक न्यूटन-मीटर.

मधल्या टप्प्यात हमखास दोन चुका होतात. वेग मोठा दिसतो म्हणून कुणी टॉर्कही मोठा लिहितं, म्हणजे रेषेची उंची वाचतं आणि चढ विसरतं. दुसरं कुणी शून्य बरोबर काढतं, पण त्यावरून मोटर काहीच करत नाही असं म्हणतं. याचं उत्तर तिसऱ्या टप्प्यात आहे. तिथे मोटर बंद आहे, म्हणजे उणे एक हा सगळा घर्षणाचा टॉर्क. घर्षण आधीही तेवढंच होतं असं धरलं, तर मधल्या टप्प्यात मोटर एक न्यूटन-मीटर लावत होती आणि पहिल्यात साडेतीन. ‘निव्वळ’ हा शब्द प्रश्नात असतो तो याचसाठी.

घर्षण तेवढंच राहिलं हे मात्र गृहीतकच आहे. खऱ्या चाकाची थांबतानाची रेषा सहसा वाकलेली येते, कारण हवेचा विरोध वेगाबरोबर कमी होतो. सुरुवातीला चढ तीव्र असतो, शेवटी सौम्य. छताचा पंखा बंद करून त्याचे फेरे मोजले तर हे घरीच दिसतं. अशा वेळी दोन टोकं जोडून काढलेला चढ सरासरी टॉर्क देतो. एखाद्या क्षणाचा टॉर्क हवा असेल तर त्या बिंदूपाशी स्पर्शिकाच काढावी लागते.