उपकंपनीचा नफा मायदेशी आणणे

परदेशातल्या उपकंपनीचा नफा मूळ कंपनीच्या एकत्रित हिशेबात लगेच दिसतो, हाती मात्र तो मायदेशी पोचल्यावरच पडतो. म्हणून परदेशी प्रकल्पाचे मूल्य काढताना नफा नव्हे, तर किती रोकड घरी येणार आणि कधी येणार, हे मोजले जाते. रशियातील वान्कोर तेलक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा २६ टक्के वाटा आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर या कंपनीसह अनेक भारतीय तेल कंपन्यांचा लाभांश तिथल्याच बँकांत पडून राहिला. तेल निघत होते, लाभांश जाहीर होत होता, पण पैसे भारतात येत नव्हते.

मार्गात दोन अडथळे असतात. पहिला विदहोल्डिंग टॅक्स, म्हणजे लाभांश देशाबाहेर जाताना तिथल्या सरकारने कापून घेतलेला कर. भारत-रशिया करारानुसार तो १० टक्के आहे. दुसरा अडथळा म्हणजे अडकलेला निधी: परकीय चलनाची टंचाई किंवा निर्बंध यांमुळे पाठवताच न येणारी रक्कम.

एक काल्पनिक हिशेब पाहू. उपकंपनीकडे आजच्या विनिमय दराने १०० कोटी रुपयांचा लाभांश तयार आहे. त्यातले ६० कोटी आज पाठवता येतात. १० टक्के कर गेल्यावर ५४ उरतात. बाकीचे ४० कोटी तीन वर्षे तिथेच ५ टक्के व्याजाने राहून ४६.३ होतात. कर कापल्यावर ४१.७ उरतात, तेवढ्यात ते चलन रुपयाच्या तुलनेत २० टक्के घसरलेले असते, म्हणून हाती येतात ३३.३. पुढच्या रकमेची आजची किंमत काढणाऱ्या डिस्काउंट दराने, इथे पंधरा टक्के, त्यांचे आजचे मूल्य जेमतेम २२. एकूण ७६. करापोटी १० जातात हे सगळ्यांना दिसते. उरलेले १४ अडकण्याने गेले, हे सहसा कोणी मांडत नाही.

या करालाही सरसकट खर्च धरू नये. भारतीय कंपनीला परदेशी लाभांशावर इथे साधारण २५ टक्के कर लागत असेल, तर तिथे कापलेले १० त्यातून वळते होतात आणि एकूण बोजा २५ च राहतो. इथे करच द्यावा लागणार नसेल, तर मात्र ते १० खरोखर गेले.

नेहमीची चूक म्हणजे दुहेरी शिक्षा: अडकलेली रक्कम उशिरा येते असे दाखवायचे आणि त्याच धास्तीपोटी डिस्काउंट दरही १५ वरून २० वर न्यायचा. त्यामुळे बिनअडथळा येणाऱ्या पुढच्या वर्षांच्या रकमाही नाहक कमी मोजल्या जातात. अडचण ज्या रकमेची आहे, तिच्यातच ती धरावी.

उलटही घडते. तेच अडकलेले ४० कोटी तिथल्याच नव्या प्रकल्पात घातले, तर त्या गुंतवणुकीची खरी किंमत ४० नव्हे, २२ धरली जाते, कारण सोडून दिले ते तेवढेच. एरवी न परवडणारा प्रकल्प अशा वेळी परवडतो. तो निधी लवकर सुटण्याची शक्यता असेल, तर मात्र ही किंमत चढते.