एसओएसची गोळी : लागली तर, पण किती?

कळव्यात माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ओळखीच्या एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, "सर्दीच्या गोळ्यांची अजून एक स्ट्रिप दे रे." आवाज बसलेला, चेहरा उतरलेला. ताप दोन दिवसांपासून. डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीतच होती : पॅरासिटामॉल ६५०, पुढे एसओएस. मी विचारलं, आज किती घेतल्या? "चार. लागेल तशी घ्या म्हणाले ना डॉक्टर."

एसओएस ही तीन अक्षरं 'सी ओपुस सीट' या लॅटिन शब्दांची आहेत. अर्थ, 'गरज पडली तर'. बुडत्या जहाजाच्या संदेशाशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे ताप किंवा दुखणं असेल तरच गोळी घ्यायची, नसेल तर घ्यायची नाही. घ्यावी की नाही, एवढंच ही अक्षरं सांगतात. दोन गोळ्यांत किती तास जाऊ द्यायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे वेगळं लिहावं लागतं. ते पुष्कळदा लिहिलेलं नसतं आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

निरोगी प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम धरतात. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. मावशींच्या चार गोळ्यांचे झाले २६०० मिलिग्रॅम. इथवर ठीक होतं. मग मी घरातल्या बाकीच्या गोळ्या विचारल्या. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा. तिच्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात पॅरासिटामॉल ५०० छापलेलं असतं, म्हणजे आणखी १५००. अंग फार ठणकत होतं म्हणून गुडघ्यासाठी आणलेली जुनी गोळीही सकाळ-संध्याकाळ घेतलेली. तिच्यात वेदनाशामकाबरोबर पॅरासिटामॉल ३२५, म्हणजे ६५०. (पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत असलं वेदनाशामक मनाने घेऊच नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.) एकूण बेरीज ४७५०. तीन वेगवेगळी नावं, तीन वेगवेगळ्या तक्रारी, आणि आत औषध एकच.

मर्यादा कुठून येते ते यकृतात पाहायला हवं. गोळीतला बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं. थोड्या भागाचं मात्र एका विषारी पदार्थात रूपांतर होतं. यकृताच्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो, तो हे विष तिथल्या तिथे निकामी करतो. पण त्याचा साठा मोजका असतो. गोळ्या एकामागोमाग एक येत राहिल्या की नेहमीचे मार्ग अपुरे पडतात, विष जास्त तयार होतं, साठा संपतो, आणि मग ते विष पेशींनाच चिकटून त्यांना मारतं. तापात जेवण सुटलेलं असेल तर हा साठा आधीच आटलेला असतो. मावशी दोन दिवस चहा-बिस्किटांवर होत्या, म्हणून मला ४७५० हा आकडा जास्तच टोचला. एका दिवसाच्या एवढ्या जास्तीने निरोगी माणसाचं यकृत सहसा निकामी होत नाही. पण तेच रोज, उपाशीपोटी चालू राहिलं तर होऊ शकतं.

तासांच्या अंतराचं कारणही हेच. रक्तातलं पॅरासिटामॉल साधारण दोन ते तीन तासांत निम्म्यावर येतं. ताप उतरला नाही म्हणून दोन तासांनी दुसरी गोळी घेतली, तर पहिलीचा बराच भाग अजून शरीरातच असतो. म्हणून दोन गोळ्यांमध्ये किमान चार, शक्यतो सहा तास जाऊ द्यावेत. मधल्या वेळेत अंग कोमट पाण्याने पुसावं.

यात सर्वांत फसवं असतं ते हे की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. झालीच तर मळमळ, उलटी, भूक नसणं, आणि ते तर तापातही होतं. बरगडीखाली उजवीकडे दुखणं, गडद लघवी, डोळे पिवळे होणं ही लक्षणं एक-दोन दिवसांनंतर दिसतात. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतो. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर आठ तासांच्या आत तो मिळाला की सर्वांत चांगला गुण येतो. म्हणून बेरीज मर्यादेबाहेर गेली असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

मावशींना मी स्ट्रिप दिली नाही, मुलाला फोन करून डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डेंग्यूबरोबर यकृताचीही रक्ततपासणी केली. एसजीपीटी थोडं वाढलेलं निघालं, ते आठवड्याने उतरलं. आता त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलंय : ताप १००च्या वर असेल तरच, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला जास्तीत जास्त तीन, सर्दीची गोळी बंद. तीन दिवसांत उतरला नाही तर परत या.