तीन, सात आणि मध्ये आलेला आठ

दोन माणसांमध्ये आधी काहीही ठरलेलं नाही. त्यांचं सगळं बोलणं तिसरा ऐकतो आहे. तरीही बोलता बोलता त्या दोघांकडे असा एक आकडा तयार होतो, जो ऐकणाऱ्याला कळत नाही. हे शक्य आहे असं व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली दाखवलं. पद्धत इतकी आटोपशीर आहे की कागदावर करून बघता येते.

अनिता आणि भास्कर उघडपणे दोन आकडे ठरवतात: २९ आणि २. इथून पुढे कुठलंही उत्तर आलं की त्याला २९ ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. अनिता मनात ५ धरते. २ चा पाचवा घात ३२, बाकी ३. हा ३ ती भास्करला पाठवते. भास्करच्या मनात १२ आहे. २ चा बारावा घात ४०९६, त्याला २९ ने भागल्यावर बाकी ७. तो ७ पाठवतो.

आता अनिता आलेल्या ७ चा पाचवा घात काढते: १६८०७, बाकी १६. भास्कर आलेल्या ३ चा बारावा घात काढतो: ५३१४४१, बाकी पुन्हा १६. यात जादू नाही. दोघांनीही शेवटी २ चा साठावा घातच काढला. एकाने आधी बारा मग पाच, दुसऱ्याने आधी पाच मग बारा. १६ ही त्यांची किल्ली झाली आणि ती एकदाही तारेवरून गेली नाही.

ऐकणाऱ्याच्या हाती २९, २, ३ आणि ७ आहेत. पहिला मोह होतो तो ३ आणि ७ चा गुणाकार करण्याचा. येतात २१. पण २१ हा २ च्या सतराव्या घाताची बाकी आहे, म्हणजे गुणाकारातून ५ आणि १२ यांची बेरीज साधली जाते. हवा आहे त्यांचा गुणाकार, ६०. त्यासाठी दोनपैकी एक गुपित तरी उलट शोधायला हवं, आणि उलटा रस्ता खडबडीत आहे. २ चे घात ओळीने लिहून पाहा: २, ४, ८, १६, ३, ६, १२, २४, १९, ९... बाकी कधी मोठी, कधी लहान. उत्तर जवळ आलंय की लांब आहे, याचा अंदाजच लागत नाही.

अर्थात २९ सोबत हा खेळ सुरक्षित नाही. अठ्ठावीस घात लिहिले की सगळं उघडं. प्रत्यक्षात २९ च्या जागी सहाशेहून जास्त अंकी मूळ संख्या घेतात. तेव्हाही घात काढणाऱ्याचं काम सोपंच राहतं. आकड्याचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असं करत गेलं की काही हजार गुणाकारांत उत्तर मिळतं. उलटं जाणाऱ्यासाठी मात्र आजच्या संगणकांवर व्यवहारात पुरी पडेल अशी कुठलीही रीत माहीत नाही. (या कामासाठी आता बरेचदा लंबवर्तुळी वक्रांचं गणित वापरतात, पण देवाणघेवाणीचा सांगाडा हाच.)

मग अडतं कुठे? आपण धरून चाललो की तिसरा फक्त ऐकतो. तो निरोप अडवून बदलू शकत असेल तर?

मधल्याला मकरंद म्हणू. त्याने स्वतःसाठी ३ हे गुपित निवडलं. २ चा तिसरा घात ८. अनिताने पाठवलेला ३ तो अडवतो आणि भास्करला ८ देतो. भास्करचा ७ अडवतो आणि अनितालाही ८ देतो. अनिता ८ चा पाचवा घात काढते, बाकी २७. भास्कर ८ चा बारावा घात काढतो, बाकी २४. मकरंदला दोन्ही मिळतात: ३ चा घन २७, आणि ७ चा घन ३४३, त्याची बाकी २४. अनिताचा निरोप तो २७ ने उघडतो, वाचतो, वाटल्यास बदलतो, २४ ने पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. कुणीही गणित फोडलेलं नाही. दोन्ही बाजूंना अगदी बिनचूक देवाणघेवाण झाली आहे, फक्त चुकीच्या माणसाशी. आलेल्या आकड्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, इतकीच ही फट आहे.

दोघांनी फोन करून किल्ल्या ताडून पाहिल्या तर २७ आणि २४ जुळणार नाहीत, चोरी उघड होईल. पण ही तपासणीही भाबडी आहे. मकरंदने ८ ऐवजी दोघांना १ पाठवला, तर १ चा कितवाही घात १ च. दोघांची किल्ली १, जुळणीही झकास, आणि मकरंदला गुपित निवडण्याचीही गरज नाही. म्हणून नीट लिहिलेले प्रोग्रॅम १ किंवा २८ सारखे आकडे आले तर नाकारतात. आणि म्हणूनच ताडून पाहायचे ते पाठवलेले आणि मिळालेले आकडे, नुसती किल्ली नव्हे.

दर वेळी फोन करणं जमणार नाही, म्हणून डिजिटल सही. समजा भास्करची सही तपासण्याची सोय अनिताकडे आधीपासून आहे. भास्कर सही करून सांगतो, ‘मला ३ मिळाला, मी ७ पाठवला.’ मकरंद मध्ये असेल तर भास्करला मिळालेला असतो ८, आणि सही त्याच मजकुरावर होते. अनिता बघते: मी तर ३ पाठवला होता. बोलणं तिथेच थांबतं. मकरंदला मजकूर बदलता येत नाही, कारण सही मोडते.

सहीत दोन्ही आकडे कशाला, असं वाटू शकतं. भास्करने फक्त स्वतःच्या ७ वर सही केली, तर ती सही मकरंद जपून ठेवेल. पुढे कधी त्या ७ मागचं १२ हे गुपित फुटलं की तोच सही केलेला ७ दाखवून तो भास्कर म्हणून मिरवेल. अनिताचा त्या दिवशीचा ताजा आकडा सहीत गुंफला की शिळी सही चालत नाही. ब्राउझर सुरक्षित जोडणीसाठी वापरतात त्या टीएलएस १.३ या पद्धतीत सर्व्हर तोवरच्या सगळ्या संवादाच्या गोषवाऱ्यावर सही करतो, त्याचं कारण हेच.

उरतो तो प्रश्न: सही तपासण्याची किल्ली भास्करचीच, हे अनिताला कुणी सांगितलं? दूरच्या संगणकाशी जोडून देणारा एसएसएच हा प्रोग्रॅम पहिल्या जोडणीला हे सरळ तुमच्यावर सोडतो:

```
The authenticity of host ... can't be established.
```

इथे बहुतेक जण न वाचता ‘yes’ लिहितात. त्याच क्षणी मकरंद मध्ये असला तर त्याचीच किल्ली भास्करची म्हणून नोंदली जाते. त्याची अडचण पुढे सुरू होते, कारण यापुढे त्याला प्रत्येक जोडणीत हजर राहावं लागतं. एक दिवस चुकला की खऱ्या सर्व्हरची किल्ली समोर येते आणि पडद्यावर `REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED!` असा इशारा झळकतो. गंमत अशी की वापरणाऱ्याला तेव्हा खरा सर्व्हरच खोटा वाटतो.

ब्राउझर हा प्रश्न ‘ही किल्ली याच साइटची’ असं प्रमाणपत्र सही करून देणाऱ्या संस्थांवर सोपवतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या अशाच एका संस्थेत घुसखोरी झाली आणि google.com च्या नावाचं बनावट प्रमाणपत्र काढलं गेलं. ते प्रामुख्याने इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. त्यांच्या ब्राउझरने सही तपासली, सही बरोबर निघाली, आणि मधला माणूस आत शिरला. प्रकार उजेडात आला तो क्रोममुळे. गूगलच्या साइटसाठी कुणाची प्रमाणपत्रं चालतील याची यादी क्रोममध्ये आधीच भरलेली होती, आणि तिच्यात डिजिनोटारचं नाव नव्हतं.