तीन पाळ्यांत सहा: एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

लुडोत सोंगटी अडकून पडली आहे, बाहेर काढायला सहाच हवा, आणि येत्या तीन पाळ्यांत तो पडला नाही तर डाव हातचा गेला. सहा पडण्याची शक्यता किती? बहुतेक जण पटकन म्हणतात, निम्मी. एका पाळीला सहातला एक हिस्सा, तर तीन पाळ्यांना सहातले तीन.

हे उत्तर चुकीचं आहे, पण चांगलं खानदानी आहे. इटलीचा वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो स्वतः अट्टल जुगारी होता. सोळाव्या शतकात त्याने फाशांच्या खेळांवर एक पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं १६६३ मध्ये, तो वारल्यावर जवळजवळ नव्वद वर्षांनी. त्यातही हाच तर्क आहे: तीन फेकींत हवा तो आकडा पडण्याची आणि न पडण्याची शक्यता समसमान.

चूक कुठे आहे, ते मोजूनच बघू. तीन फेकींचे एकूण प्रकार ६×६×६, म्हणजे २१६. त्यांत पहिल्या फेकीला सहा असलेले ३६, दुसऱ्या फेकीला ३६, तिसऱ्या फेकीला ३६. बेरीज १०८, बरोबर निम्मी. पण दोनदा सहा पडलेले १५ प्रकार या बेरजेत दोन-दोनदा आले आहेत आणि तिन्ही वेळा सहा पडलेला एक प्रकार तीनदा. म्हणजे १७ जादा. ते वजा केले की उरतात ९१. खरी शक्यता २१६ पैकी ९१, साधारण ४२ टक्के.

सोपी वाट उलटी आहे: सहा न पडण्याचे प्रकार मोजायचे. प्रत्येक फेकीला पाच, म्हणून ५×५×५ = १२५. ते २१६ मधून वजा केले की पुन्हा ९१. पाळ्या कितीही असोत, ५/६ ला तितक्या वेळा स्वतःने गुणायचं आणि एकातून वजा करायचं. चौथी पाळी मिळाली तर १२९६ पैकी ६७१, म्हणजे जेमतेम ५२ टक्के. पारडं सहाच्या बाजूला झुकतं ते इथे.

फ्रान्समधले जुगारी चार फेकींची ही पैज ओळखून होते. शेवालिए द मेरे या खेळाडूला खटकली ती पुढची पायरी. एका फाशाला चार फेकी पुरतात, तर दोन फाशांवर दोन्ही सहा आणायला सहापट, म्हणजे २४ फेकी पुरायला हव्यात, अशी त्याची त्रैराशिकी समजूत होती. प्रत्यक्षात २४ फेकींत शक्यता ४९ टक्क्यांच्या किंचित वर राहते. पंचविसावी फेक लागतेच. फ्रेंच गणिती पास्कालने २९ जुलै १६५४ च्या पत्रात दुसरा फ्रेंच गणिती फर्मा याला हे कळवलं. चार फेकींचं प्रमाण ६७१ विरुद्ध ६२५ असल्याचंही तिथे आहे.

मला मात्र त्याच वर्षीच्या फर्माच्या पत्रातला मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. पैज आहे आठ फेकींत आकडा आणण्याची. खेळाडूने पहिली फेक सोडून द्यायची ठरवली, तर मोबदला म्हणून त्याने एकूण रकमेचा १/६ घ्यावा. नंतर दुसरी फेक सोडली तर उरलेल्याचा १/६, म्हणजे मूळ रकमेचा ५/३६. याच क्रमाने चौथ्या फेकीची किंमत १२५/१२९६ येते. पण पहिल्या तीन फेकी खरोखरच टाकल्या आणि वाया गेल्या असतील, तर? फर्मा म्हणतो, आता चौथी सोडायची तर पूर्ण रकमेचा १/६ घ्यावा. कारण पैसे सगळे पटावरच आहेत आणि आधी काय पडलं याच्याशी फाशाला देणंघेणं नाही. ‘तीनदा हुकलं, आता पडणारच’ म्हणणाऱ्याला याहून नेमकं उत्तर क्वचितच मिळेल.

लुडो आला तो बराच नंतर. पचिसीच्या पटावर बेतलेल्या या खेळाचं इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट झालं आणि कवड्यांच्या जागी घनाकार फासा आला. कवडी किती वेळा तोंड वर करून पडते हे टाकून बघूनच कळतं. फाशाच्या सहा बाजू मात्र सारख्या, म्हणून वरचा हिशेब थेट लागू पडतो.

शेवटच्या घरात शिरतानाही तोच हिशेब येतो, थोड्या वळणाने. एकच सोंगटी उरली आहे, नेमकं दान लागतं आणि दोन हवेत. दोन पडले तर सुटका. एक पडला तर सोंगटी एक घर सरकते आणि मग एकच हवा. दोन्ही ठिकाणी कामाची बाजू एकच, म्हणून शक्यता १/६ च राहते. सहा घरं लांब असलात काय किंवा एक घर, तीन पाळ्यांत पोचण्याची शक्यता तीच ४२ टक्के. फरक पडतो तो सहाला जादा फेक मिळण्याच्या नियमाने. पाच किंवा कमी घरं उरली असतील तर सहा पडूनही पाळी फुकट जात नाही. तिसऱ्या सहाला पाळी संपते असं धरलं, तर एका पाळीतली शक्यता १/६ + १/३६ + १/२१६, म्हणजे जवळपास २० टक्के, आणि तीन पाळ्यांत सुमारे ४९ टक्के होते.