कोजागिरीच्या ताटातले पोहे गेले कुठे? मसाला दुधाच्या आधीची गोष्ट

कोल्हापुरात कोजागिरी म्हटलं की डोळ्यासमोर येतं पातेलं. संध्याकाळपासून गच्चीवर शेगडी लागलेली, कोणीतरी उलथनं घेऊन उभं, पोरं भोवती घिरट्या घालतायत आणि खालून एक आवाज, "वैनी, दूध आटलं काय ओ?" आणि वरून उत्तर, "अजून न्हाई, पत्ते पिसा तवर." आता मजा अशी आहे की या सीनमधले पत्ते हे दुधापेक्षा परंपरेच्या जास्त जवळचे आहेत. आपण उलटं समजतो, की दूध म्हणजे धार्मिक भाग आणि पत्ते म्हणजे टाइमपास.

या रात्रीबद्दल धर्मग्रंथांत जे वचन सगळीकडे येतं त्याचा अर्थ साधारण असा, की मध्यरात्री लक्ष्मी वर द्यायला फिरते, कोण जागं आहे असं विचारते आणि जो फासे खेळतोय त्याला धन देते. हो, फासे. आणि त्यालाच लागून जे वचन येतं त्यात नारळ आणि पोहे यांनी देव-पितरांना संतुष्ट करा, नातेवाइकांना तेच द्या आणि स्वतः तेच खा असं सांगितलंय. नारळाचं पाणी पिऊन फासे खेळायचे आणि जागायचं, हा मूळ कार्यक्रम. आपल्याकडे जुने भटजी ज्या धर्मसिंधूचा आधार देतात, तो पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास लिहिला, त्यातही लक्ष्मी आणि इंद्राची पूजा, जागरण आणि अक्षक्रीडा हेच आहे. ऐरावतावर बसलेला इंद्र तर आज बहुतेक घरांतून गायबच झालाय, फार तर पाटावर लक्ष्मीच्या बाजूला त्याच्या नावाची एक सुपारी असते आणि ती कुणाची हे विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही.

व्रताची जी कथा आहे ती पण जुगाराचीच आहे. मगध देशात वलित नावाचा गरीब ब्राह्मण, बायको कायम उलट वागणारी, वडिलांच्या श्राद्धाला तिने पिंड घाणीत टाकले म्हणून हा वैतागून रानात गेला. तिथे आश्विन पौर्णिमेच्या रात्री त्याला नागकन्या भेटल्या, त्यांना खेळायला एक भिडू कमी होता. हा बसला आणि हरत गेला, शेवटी जानवंसुद्धा डावावर लावलं. तेवढ्यात लक्ष्मी-विष्णू तिथून चालले होते, त्यांना दया आली, लक्ष्मीने त्याला देखणं रूप दिलं आणि डाव फिरला. म्हणजे कथेत कोणी दूध आटवत नाही, नैवेद्याचा थाट नाही, माणूस फक्त जागा राहून खेळत होता एवढंच. आणि हे जागरण कथेपेक्षाही जुनं असावं, कारण कामसूत्रात लोकांनी मिळून करायच्या खेळांच्या यादीत कौमुदीजागर येतो आणि त्यावरच्या टीकेत तो आश्विनातल्या पौर्णिमेचा, झोके आणि द्यूताचा म्हणून सांगितलाय. सो गच्चीवर रमी लावणाऱ्या काकांना "देवाच्या दिवशी पत्ते?" असं कोणी म्हणालं तर त्यांच्याकडे उत्तर आहे, फक्त पैसे लावू नका म्हणजे झालं :)

मग दूध कुठून आलं? तर दूध पण जुनंच आहे, पण ते लक्ष्मीचं नाही, चंद्राचं आहे. काही जुन्या वचनांत या रात्री पूर्ण चंद्राची पूजा दुधाने आणि पायसाने म्हणजे खिरीने करायला सांगितलीय. म्हणजे एकाच रात्रीत दोन पूजा आणि दोन नैवेद्य होते, लक्ष्मीला पोहे-नारळ आणि चंद्राला दूध-खीर. महाराष्ट्रात चंद्राचा नैवेद्य पुढे आला आणि लक्ष्मीचा मागे पडला, असं माझं मत आहे, आणि ते मत बाकीचे प्रांत बघितले की पक्कं होतं. बंगालमध्ये याच रात्री घरोघर लक्ष्मीपूजा असते आणि तिथे आजही नारळाचे लाडू आणि पोहे लागतातच. मिथिलेत नवविवाहित मुलाच्या घरी मखाणे आणि पान येतात आणि तिथे फासे-कवड्या अजून खेळतात. आणि गुजरातमध्ये बघा, शरद पूनमला दूध-पौंआ, चांदण्यात ठेवलेल्या गार दुधात भिजवलेले पोहे! तिथे दोन्ही नैवेद्य एकाच वाटीत आले. आपल्याकडे त्या वाटीतून पोहे निघून गेले आणि त्यांच्या जागी चारोळी, बदाम, पिस्ता बसला.

पोहे का होते हे पण सरळ आहे, आश्विनात हळवं भात तयार व्हायला लागतं, नवीन भाताचे पोहे हे त्या हंगामातलं पहिलं खाणं. कोकणात तर हीच पौर्णिमा नवान्नाची, दाराला भाताच्या लोंब्या बांधायच्या. पण कोल्हापूरच्या आसपास गोष्ट अजून एका जनावराभोवती फिरते आणि ते म्हणजे म्हैस. म्हशी बऱ्याचशा पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत वितात, त्यात पाऊस संपता संपता हिरवा चारा भरपूर, त्यामुळे नेमकं कोजागिरीच्या सुमाराला दूध चढत्या मापात असतं. ज्या गावात गंगावेशीला दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध ग्लासात पितात आणि जिथे 1963 साली जिल्हा दूध संघ म्हणजे आपलं गोकुळ उभं राहिलं, तिथे या रात्रीचा मान दुधाला मिळाला यात नवल काय.

बाहेरचे लोक इथे हमखास एक गोंधळ करतात. कोजागिरी लक्ष्मीची, कोल्हापूर महालक्ष्मीचं, म्हणजे हा अंबाबाईचाच सण, असं समजतात. पण अंबाबाईची मूर्ती नीट बघितली तर हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर लिंग आणि नाग, मागे सिंह. ही शक्ती आहे, विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी नव्हे, यावर इथे केवढे वाद झालेत ते सगळ्यांना माहितीये. कोजागिरीला घरात जी पुजतात ती रात्री फिरणारी, संपत्तीची लक्ष्मी. भक्तीत माणसं दोघींना एकच मानतात आणि त्याला माझी ना नाही, पण इतिहास सांगताना दोन्ही धागे वेगळे ठेवावे लागतात.

दरवर्षीचा दुसरा गोंधळ म्हणजे तारीख. हे व्रत मध्यरात्रीचं, म्हणून ज्या रात्री मध्यरात्रीला पौर्णिमा असेल ती कोजागिरी, सूर्योदयाला कुठली तिथी आहे ते इथे चालत नाही. 2024 चं उदाहरण घ्या, पौर्णिमा 16 ऑक्टोबरला रात्री पावणेनऊच्या आसपास लागली आणि 17 ला संध्याकाळी पाचच्या आत संपली. कॅलेंडरवर 17 ला पौर्णिमा दिसते म्हणून बरेच जण त्या रात्री दूध करायला निघाले होते, पण 17 च्या मध्यरात्री पौर्णिमाच नव्हती, कोजागिरी 16 लाच झाली. 2023 ला तर 28 ऑक्टोबरच्या रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण आणि वेध दुपारपासूनच, त्यामुळे ग्रुपवर नुसता धुरळा. कुणी पूजा करून चमचाभर दूध प्रसाद म्हणून घेतलं आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी प्यायले, कुणी सगळंच पुढे ढकललं.

आता चांदण्याबद्दल. एक फॉरवर्ड दरवर्षी येतो की दुधातलं अमुक आम्ल चंद्रकिरण शोषून घेतं वगैरे. तसलं काही नसतं, पौर्णिमेचा उजेड दुपारच्या उन्हाच्या जवळपास चार लाखपट कमी असतो, त्याने दुधात काय बदलणार. पण या कल्पनेला जुना आयुर्वेदिक धागा मात्र आहे. वाग्भटाने शरद ऋतूच्या चर्येत दिवसा उन्हाने तापलेलं आणि रात्री चांदण्याने निवलेलं पाणी चांगलं म्हटलंय, त्याला हंसोदक म्हणतात, आणि संध्याकाळी गच्चीवर चांदण्यात बसायलाही सांगितलंय. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या उन्हात पित्त उसळतं, त्याला हा उतारा. म्हणजे त्याच्याकडे चांदण्यात पाणी आहे, आपण दूध ठेवलं.

दुधात चंद्र दिसावा लागतो ही जी पद्धत आहे ती मात्र आकाशाला धरून आहे. या पौर्णिमेला चंद्र अश्विनी-रेवतीच्या बाजूला असतो आणि आपल्या अक्षांशावरून मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो, उजेड सरळ पातेल्यात पडतो. इतका सरळ की बिंब बघायला वाकलं की आपल्याच डोक्याची सावली दुधावर पडते, थोडं बाजूने बघावं लागतं. साय धरली असेल तर बिंब दिसतच नाही, म्हणून आधी ढवळून घ्यायचं. आठ वाजता पोरांना झोप येते म्हणून घाई केली तर चंद्र अजून पूर्वेला कलता असतो आणि पातेल्याच्या काठाचीच सावली आत पडते. परतीच्या पावसाचे ढग आले तर काय, वाट बघायची, फट मिळाली की धावायचं.

वीस-बावीस माणसांना पाच लिटर म्हशीचं दूध पुरतं. पातेलं रुंद घ्यायचं आणि दूध ओतायच्या आधी तळाला पाण्याचा हबका मारायचा म्हणजे लागत नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध एकत्र करणार असाल तर आधी दोन्हीचं कपभर मिसळून वेगळं उकळून बघा, फाटलं तर कपभरच जाईल. पाचाचं चार लिटर होईपर्यंत आटवायचं, साखर साधारण चारशे ग्रॅम आणि ती शेवटी, कारण साखर पडली की दूध तळाला जास्त लागतं. केशर कोमट दुधात भिजवून, वेलची आणि चारोळी उतरवताना. जायफळ पाच लिटरला पाव फळ बास, जास्त झालं की कडसर लागतं आणि वर झोपही येते, जागायच्या रात्री ती कुणाला हवीय. करपल्याचा वास आला तर उलथन्याने तळ खरवडायचा नाही, वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढायचं. आणि चांदण्यात ठेवायचं ते पातळ फडकं बांधून, शेगडीवरून उतरल्या उतरल्या, बिंब बघायच्या वेळी फडकं काढायचं. गार झालेलं तीन-तीन तास उघड्यावर ठेवलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यात आंबूस व्हायला लागतं.

एक सुचवू का, यंदा एका वाटीत पातळ पोहे घेऊन त्यावर हेच दूध गार करून घाला, ओलं खोबरं भुरभुरवा आणि आधी लक्ष्मीपुढे ठेवा. घरात मोठं लेकरू असेल तर त्याला त्याच वेळी ओवाळून घ्यायचं असतं, आश्विनी म्हणतात त्याला, जुन्या लोकांच्या लक्षात असतं. आमच्याकडे मोठं लेकरू आता पन्नाशीचं आहे आणि तरी पाटावर बसताना "ओवाळणी काय देणार" विचारतंय.